पत्ते पिसण्याआधीची तीन मिनिटं: पैसे घेऊन ऑनलाइन टॅरो वाचताना सुरुवातीला काय बोलावं

प्रश्न: ताई, मी बेळगावात राहते. आधी ओळखीच्यांचे टॅरोचे पत्ते बघायची, आता व्हिडिओ कॉलवर पैसे घेऊन सुरू केलंय. सुरुवातीला काय बोलावं तेच सुचत नाही. नियम सांगायला लागले की समोरची बाई बिचकते, नाही सांगितले तर शेवटी भलत्याच अपेक्षा बाहेर येतात. गुप्ततेबद्दल मी "कुणाला काही सांगणार नाही" एवढंच म्हणते. तेवढं पुरतं का? सुरुवातीचं बोलणं तयार करून द्याल का?

उत्तर: पुरत नाही. आणि "कुणाला काही सांगणार नाही" हे वाक्य आधी काढून टाका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. का, ते पुढे सांगते. त्याआधी एक गोष्ट: सगळं कॉलवरच सांगायला जाऊ नका. समोरची बिचकते ती नियमांमुळे नाही, पैसे दिल्यावर नियम ऐकावे लागतात म्हणून. तिला वाटतं, आता हिनं हात वर केले. म्हणून फी, वेळ, पैसे परत कधी मिळतील आणि कोणते प्रश्न तुम्ही घेत नाही, एवढं पैसे येण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि "वाचलं, चालेल" असं उत्तर आल्यावरच क्यूआर कोड द्या. मेसेज आठ-दहा ओळींचा असावा. लांब झाला की कोणी वाचत नाही, आणि "चालेल" मात्र सगळे लिहितात.

त्या मेसेजमध्ये एक ओळ आवर्जून घाला: पैसे कोणाच्या खात्यातून येणार आहेत, याचा विचार करून पाठवा. यूपीआयनं पैसे दिले की तुमचं नाव त्या खात्याच्या हिशोबात उमटतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत फोन बाईचा असतो, पण खातं नवऱ्याचं किंवा मुलाचं असतं. पैसे कटल्याची नोंद त्याला दिसते. तुमच्या खात्याला "अमुक टॅरो" असं नाव असेल तर गुप्तता सेशनच्या आधीच संपली. साधं स्वतःचं नाव ठेवा आणि पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी काही लिहू नका असं सांगा.

आता प्रत्यक्ष बोलणं. हे मी रोज वापरते त्याच्या जवळपासचं आहे. सावकाश बोललं तर तीन मिनिटं लागतात. शब्द तुमच्या तोंडी बसतील तसे बदला, क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा.

"नमस्कार. माझा आवाज नीट येतोय ना? आधी एकच विचारते, फक्त हो किंवा नाही म्हणा. आत्ता तुम्हाला मोकळेपणानं बोलता येईल का?

बरं. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? आपल्याकडे पावणेपाच वाजेपर्यंत वेळ आहे. शेवटची दहा मिनिटं उरली की मी सांगेन. पत्ते काढण्याआधी तीन गोष्टी बोलून घेऊ. त्यातली एखादी पटली नाही तर इथंच थांबू, पैसे पूर्ण परत देईन.

पहिली गोष्ट, या पत्त्यांतून काय मिळेल. तुम्ही जो प्रश्न आणलाय त्याच्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघायला पत्ते मदत करतात. अमुक तारखेला अमुक होईल, असं मी सांगत नाही. काही पत्त्यांची नावं भयंकर आहेत, एकाचं तर डेथ आहे. तो आला म्हणजे घरात कोणी जाणार, असा त्याचा अर्थ नाही. एखादा पत्ता बघून मनात धस्स झालं तर लगेच मला थांबवा.

दुसरी गोष्ट, मी काय बघत नाही. आजारपण, औषधं, ऑपरेशन करावं की नाही, पोटात मुलगा आहे की मुलगी, कोर्टाचा निकाल, मटक्याचा किंवा लॉटरीचा आकडा, आणि कोणी करणी केली आहे का, हे मी पत्त्यांवरून सांगत नाही. जो माणूस इथं नाही त्याच्या मनात काय आहे, हेही सांगत नाही. त्याच्या बाबतीत तुम्ही काय करू शकता, ते आपण नक्की बघू.

तिसरी, तुमचं बोलणं माझ्याकडे कसं राहील. तुम्ही जे सांगाल ते मी तुमच्या घरच्यांना, ओळखीच्यांना, पैसे दुसऱ्या कोणी दिले असतील तर त्यांनाही सांगणार नाही. तुम्ही माझ्याकडे आला होता हेसुद्धा सांगणार नाही. मी कॉल रेकॉर्ड करत नाही. तुम्हाला करायचा असेल तर आधी विचारा. तीन वेळा मात्र मला गप्प राहता येत नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर, अठरा वर्षांच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर, आणि कोर्टानं किंवा पोलिसांनी कायद्यानं विचारलं तर. तसं काही आलं तर शक्य असेल तेव्हा आधी तुम्हालाच सांगेन.

यातलं काही खटकलं का? नसेल तर आजचा प्रश्न तुमच्या शब्दांत मला सांगा."

पहिलं वाक्य हो-नाहीचं का, ते नीट समजून घ्या. "तुम्ही एकट्या आहात का? सासूबाई जवळ आहेत का?" असं विचारलंत तर फोनच्या स्पीकरवर ते सासूबाईच ऐकतात. हो-नाहीच्या प्रश्नाला बाजूला कोणी असलं तरी बेधडक उत्तर देता येतं. उत्तर "नाही" आलं तर कारण विचारू नका. "ठीक आहे, मी मेसेज करते" म्हणून कॉल बंद करा, आणि मेसेजमध्येही फक्त "सोयीची वेळ कळवा" एवढंच लिहा. इयरफोनचा आग्रह आधीच्या मेसेजमध्ये धरा. इयरफोन लावले की तुमचं बोलणं तरी बाहेर जात नाही, आणि तिला तिकडून "हं, हं, दुसरा" एवढ्यावर काम भागवता येतं. तुमच्या बाजूलाही दार लावलेलं असावं. गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली असतात, खिडकीतून आवाज शेजारी जातो. कॅमेरा एकदा खोलीभर फिरवून दाखवा. मी प्रत्येक नव्या व्यक्तीला दाखवते. बोललेल्या वचनापेक्षा त्या दहा सेकंदांनी माणूस जास्त सैल होतो.

आता गुप्ततेच्या तीन अपवादांबद्दल. पोक्सो कायदा 2012 चा आहे आणि त्याचं कलम 19 सगळ्यांना लागू आहे. मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचं असतं, न कळवणं हाही गुन्हा आहे. पत्ते बघणाऱ्यांना यातून सूट नाही. कोर्टाचंही तसंच. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, आपल्या आणि क्लायंटच्या बोलण्याला नाही. उद्या एखाद्या घटस्फोटाच्या दाव्यात तुम्हाला साक्षीला बोलावलं तर "मी वचन दिलंय" म्हणून सुटता येणार नाही. म्हणून "कुणाला काही सांगणार नाही" हे खोटं वचन ठरतं. ज्या बाईला ते खोटं पडलेलं अनुभवावं लागेल, ती नेमकी सगळ्यात अडचणीतली असेल.

जिवाच्या धोक्याचा अपवाद सांगितलात तर पुढं काय करायचं तेही तयार ठेवा. नाहीतर ऐन वेळी गोंधळ उडतो. बोलता बोलता कोणी "आता जगून काय करायचं" म्हणालं तर पत्ते खाली ठेवा आणि सरळ विचारा, "मरून जावं असं मनात येतंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलि-मानसचा 14416 हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, आणि तिथं मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. आत्ताच काही करून घेण्याची भीती असेल तर 112. हे दोन्ही नंबर आणि घरात मारहाण होत असेल त्यांच्यासाठी 181 माझ्या टेबलावर कागदावर चिकटवलेले आहेत. त्या दिवसाची फी घेऊ नका. आणि नव्या क्लायंटकडून आधीच्या मेसेजमध्ये एवढं विचारून ठेवा: ती कुठल्या गावातून बोलतेय, आणि गरज पडली तर कोणाला फोन करावा. ऑनलाइन काम करताना समोरचा माणूस खानापुरात आहे की पुण्यात, हे माहीत नसेल तर मदत कुठं पाठवणार?

हा अपवाद जितका छोटा ठेवाल तितका बरा. नवऱ्याशी भांडण, बाहेरचं प्रेमप्रकरण, कर्ज, लपवलेली नोकरी, यातलं काहीही जिवाच्या धोक्यात बसत नाही. तुम्हाला कितीही वाटलं की तिच्या आईला कळायला हवं, तरी ते तुमचं काम नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका भावानं खानापूर तालुक्यातल्या आपल्या लग्न झालेल्या बहिणीसाठी सेशन घेतलं. पैसे त्यानं दिले, प्रश्नही त्यानंच मेसेज केला: "भावोजींचं दुकान चालेल का ते बघा." ठरल्या वेळी कॉल लागला, मी हो-नाहीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "न्हाई." एवढंच. कॉल बंद केला. अर्ध्या तासानं तिचा मेसेज आला, उद्या दुपारी तीनला चालेल. त्या वेळी सासरे झोपलेले असतात, सासूबाई शेतात असतात, हे तिनं मागाहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीचं बोलणं मी पूर्ण केलं आणि एक वाक्य तिच्यासाठी जोडलं: "पैसे तुमच्या भावानं दिलेत, पण हा वेळ तुमचा आहे. त्यांनी पाठवलेला प्रश्न घ्यायचा की दुसरा, ते तुम्ही ठरवा. त्यांनी विचारलं तर मी एवढंच सांगेन की सेशन झालं." ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आक्का, मग दुकानाचं ऱ्हाऊ दे." तिला शिवणाचा वर्ग सुरू करायचा होता, आणि घरात विषय काढायची हिंमत होत नव्हती. पहिला प्रश्न तिनं असा घातला: "सासरचे हो म्हणतील का?" आता हे जे इथं नाहीत त्यांच्या मनातलं झालं. सुरुवातीला मर्यादा सांगितलेली होती, त्यामुळं नाही म्हणावं लागलं नाही. "आपण ठरवलं होतं तसं ते तुमच्या बाजूनं वळवू या का?" एवढं पुरलं. प्रश्न झाला: "हा विषय काढण्याआधी मी काय तयारी करू?" तीन पत्ते मांडले. सध्याच्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स आला, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, छातीवर दोन तलवारी आडव्या धरून बसलेली बाई. तिनंच सांगितलं, "ही मीच की, काय ठरवंना झालीय." काय करता येईल या जागी एट ऑफ पेंटॅकल्स, एका मागून एक नाणं घडवणारा कारागीर. त्यावरून बोलणं मशीन, घरातली जागा, आणि सुरुवातीला शेजारच्या दोनच मुलींना शिकवावं, इथवर गेलं. सेशन वेळेत संपलं.

संध्याकाळी भावाचा फोन. "काय म्हणाली ती? सासरी त्रास आहे का तिला?" काळजीनंच विचारत होता. मी म्हणाले, "सेशन झालं, दादा. बाकी तुम्ही तिलाच विचारा, तिला बरं वाटेल." तो म्हणाला, "निदान त्रास नाही एवढं तरी सांगा." इथं सगळे फसतात. "नाही हो, तसं काही नाही" म्हणणं सोपं आणि दिलासा देणारं वाटतं. पण आज "नाही" म्हणालात तर पुढच्या खेपेला तुम्ही गप्प राहिलात की त्या गप्प राहण्याचाच अर्थ "हो" लागतो. म्हणून चांगलं असो की वाईट, उत्तर एकच: "मी कोणाचंच सांगत नाही."

आपल्या भागात हे जास्तच जपावं लागतं, कारण इथं सगळे एकमेकांच्या नात्यातले. सासू तुमच्याकडे येते, सहा महिन्यांनी सूनही येते, आणि एकीला दुसरीचं माहीत नसतं. सूनबाईनं सांगितलेलं ऐकताना तुम्हाला सासूबाईंचं आठवणार. ते चेहऱ्यावरही येऊ देऊ नका आणि पत्त्यांच्या अर्थात तर मुळीच मिसळू नका. ते जमणार नाही असं वाटलं तर "तुमच्यासाठी मी योग्य नाही, दुसऱ्या कोणाकडे जा" एवढं सांगून पैसे परत करा, कारण देऊ नका. लग्नकार्यात क्लायंट भेटली तर आपण होऊन ओळख दाखवू नका. तिनं हाक मारली तरच बोला. सेशनच्या टिपणात मी नाव लिहीत नाही. तारीख, प्रश्नाचा एक शब्द आणि पत्ते, एवढंच असतं. मांडणीचा फोटो पाठवायचा असेल तर आधी विचारा. तो तिच्या गॅलरीत पडतो, आणि फोन घरभर फिरतो. "ताई, तुमच्यामुळं खूप बरं वाटलं" असा तिचा मेसेज नाव झाकूनही स्टेटसला लावू नका. प्रोफाइलचा रंग आणि लिहिण्याची ढब यांवरून गावात बरोबर ओळखतात.

मर्यादांमधली करणीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. "कोणी काही केलंय का, एवढंच बघा" हा प्रश्न येणारच, आणि त्याच्या पाठोपाठ "बाई आहे का पुरुष, घराच्या कुठल्या दिशेला" हेही येईल. यातल्या कशालाच हात घालू नका. तुम्ही "जवळची एक बाई दिसतेय" एवढंच म्हणालात, तरी त्या घरानं नाव आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या वाक्यानं त्यावर शिक्का बसतो, आणि उद्या ते भांडण एखाद्या विधवेच्या किंवा जावेच्या दारात जातं. कर्नाटकात अमानुष प्रथा आणि काळी जादू यांच्याविरुद्धचा 2017 चा कायदाही आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. करणी काढण्याचे वेगळे पैसे मागणारी माणसं याच बाजारात आहेत, आणि पहिल्या तीन मिनिटांतच आपण त्यातले नाही हे कळलं पाहिजे. आजाराचंही तसंच. पत्त्यांवरून "काळजीचं कारण नाही" म्हणालात आणि बाईनं छातीतली गाठ दाखवायला दोन महिने उशीर केला, तर ते दोन महिने परत आणता येत नाहीत. मंतरलेला दोरा किंवा ताईत देऊन रोग बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्यानं बंद आहे, तेव्हा तसलं काही मेसेजमध्येसुद्धा लिहू नका.

हे सगळं बोलूनही फसतं ते एकाच कारणानं: आपण पाठ केलेलं घाईनं म्हणतो आणि समोरची नुसतं "हं, हं" करते. तिनं ऐकलंय का, हे तिच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. सगळं सांगून झाल्यावर तिनं "माझं लग्न कुठल्या महिन्यात होईल?" असं विचारलं, तर पहिली गोष्ट पोचलेली नाही. पत्ते पिसू नका. "महिना मला सांगता येणार नाही, हे आपण बोललो. लग्नाच्या बाबतीत आत्ता तुम्हाला काय ठरवायचंय?" असं विचारा. त्यावरही तिला महिनाच हवा असेल तर पैसे परत करून सेशन थांबवा. पहिल्या दहा मिनिटांत थांबलं तर पूर्ण परत, हा माझा नियम आहे आणि तो मेसेजमध्ये लिहिलेला असतो. आणखी एक खूण: कॅमेऱ्याबाहेर बघून ती उत्तर देत असेल, किंवा मध्येच आवाज एकदम बारीक झाला, तर हो-नाहीचा प्रश्न पुन्हा विचारा. खोलीत कोणीतरी आलेलं असतं.

कॉल तुटण्याचं काय करायचं, तेही आधीच्या मेसेजमध्ये लिहा. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या क्लायंटची रेंज जाते, आणि आपल्याकडे हेस्कॉमची लाईट गेली की वायफाय जातं. माझी पद्धत अशी: तुटलं तर मी दहा मिनिटांत दोनदा लावते, नाही लागलं तर उरलेला वेळ त्याच आठवड्यात. तिला परत फोन करायला सांगत नाही, कारण ती फोन लावत असताना तो कोणाच्या हातात असेल, सांगता येत नाही. पुन्हा लागल्यावर हो-नाहीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करा.

नेहमीच्या क्लायंटला पूर्ण तीन मिनिटं नकोत. "मोकळेपणानं बोलता येईल का, आणि मागच्या वेळी ठरलेलं सगळं तसंच चालेल ना?" एवढं बस. फक्त पैसे देणारा बदलला असेल, किंवा तिच्याबरोबर आज नवरा किंवा बहीण बसली असेल, तर गुप्ततेचा भाग पहिल्यापासून सांगा, आणि दोघं बसले असतील तर दोघांनाही विचारा की मागच्या सेशनमधलं काही आज बोलायचं आहे का. ती स्वतः म्हणेपर्यंत मागचा एकही पत्ता तुमच्या तोंडून येऊ नये.